तराजूशिवाय तोललेली व्याधाची जोडी

बातमीत अधूनमधून असं वाक्य येतं: "सूर्याच्या दुप्पट वस्तुमानाचा तारा." वाचणारा पुढे सरकतो, पण मनात एक प्रश्न अडकून राहतो. या ताऱ्याला कोणी उचललं? कुठल्या काट्यावर ठेवलं? तिथवर यान गेलेलं नाही. दुर्बिणीतून पाहिलं तरी तारा म्हणजे उजेडाचा एक ठिपका, आणि ठिपक्यावर वजन लिहिलेलं नसतं.

तरीही हा आकडा अंदाजपंचे नसतो. तो कसा निघतो हे एका ताऱ्यावरून नीट कळतं. तो तारा म्हणजे व्याध, रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा. मृगाच्या पट्ट्यातले तीन तारे सांधून रेघ पुढे ओढली की ती जवळजवळ त्याच्यावरच जाते. डोळ्यांना तो एकटा दिसतो, पण प्रत्यक्षात ते दोन तारे आहेत आणि दोघे एकमेकांभोवती फिरतात. अशा जोडीला युग्मतारा म्हणतात. तारा तोलायचा असेल तर त्याला जोडीदार असावा लागतो. एकट्या ताऱ्याचं वस्तुमान थेट काढणं फार अवघड असतं.

एक खुलासा आधीच करतो. "वजन" म्हणजे काट्यावरचा आकडा, आणि तो ठिकाणाप्रमाणे बदलतो. "वस्तुमान" म्हणजे वस्तूत द्रव्य किती आहे ते, आणि ते सगळीकडे सारखंच राहतं. इथे मोजायचं आहे ते वस्तुमान. बोलण्याच्या ओघात मी वजन म्हणालो तरी अर्थ तोच घ्यावा.

## फिरण्याचा आणि वजनाचा काय संबंध?

पृथ्वी सूर्याभोवती फिरते, कारण सूर्य तिला सतत आपल्याकडे ओढत असतो. ती इतक्या वेगात आडवी पळते की ओढली जाऊनही सूर्यावर पडत नाही, नुसती वळत राहते. आता समजा, जागा तीच ठेवून कोणी सूर्याचं वस्तुमान चौपट केलं. ओढ चौपट झाली. त्या ओढीत टिकून गोल फिरायचं तर पृथ्वीला दुप्पट वेगानं पळावं लागेल, म्हणजे वर्ष सहा महिन्यांत संपेल. अंतर ठाऊक असेल आणि फेरीला लागणारा वेळ ठाऊक असेल, तर मधल्या ओढणाऱ्याचं वस्तुमान लपून राहू शकत नाही.

योहान्स केप्लरनं 1619 मध्ये ग्रहांच्या नोंदींवरून याचा नियम मांडला: फेरीच्या काळाचा वर्ग हा अंतराच्या घनाच्या प्रमाणात असतो. पुढे न्यूटननं त्यात वस्तुमान कुठे बसतं ते दाखवलं. काळ वर्षांत मोजला, अंतर "पृथ्वी ते सूर्य" या मापानं मोजलं आणि वस्तुमान "सूर्य" या मापानं मोजलं, तर सगळं इतकं सुटसुटीत होतं:

```
एकूण वस्तुमान = (अंतर × अंतर × अंतर) ÷ (काळ × काळ)
```

गुरूवर हे पडताळून पाहू. गुरू सूर्यापासून पृथ्वीच्या 5.2 पट लांब आहे आणि एका फेरीला त्याला 11.86 वर्षं लागतात. 5.2 चा घन 140.6 येतो आणि 11.86 चा वर्ग 140.7. भागाकार 1, म्हणजे एक सूर्य. गुरूला आणि पृथ्वीला ओढणारा एकच आहे, म्हणून उत्तरही एकच आलं.

सूत्रात "एकूण" हा शब्द आहे, तो नजरेआड करू नका. पृथ्वीचं किंवा गुरूचं वस्तुमान सूर्यापुढे इतकं किरकोळ आहे की बेरजेत जाणवतच नाही. पण दोन तारे एकमेकांभोवती फिरतात तेव्हा दोघेही भारी असतात, दोघेही ओढतात आणि दोघेही हलतात. तिथे हे सूत्र दोघांची बेरीज देतं. बेरजेतून प्रत्येकाचा वाटा काढायला आणखी एक युक्ती लागते. तिच्याकडे पुढे येऊच.

## न दिसणारा जोडीदार

व्याधाला जोडीदार आहे हे दिसण्याच्या अठरा वर्षं आधीच कळलं होतं. ते ज्यानं ओळखलं तो जर्मन खगोलशास्त्रज्ञ फ्रीडरिख बेसेल ताऱ्यांच्या जागा मोजण्यात अत्यंत काटेकोर होता. ताऱ्याचं अंतर विश्वासार्ह रीतीनं पहिल्यांदा मोजून 1838 मध्ये जाहीर केलं तेही त्यानंच. व्याधाच्या जागेच्या अनेक वर्षांच्या नोंदी एकापुढे एक मांडल्यावर त्याच्या लक्षात आलं की हा तारा सरळ चालत नाही.

सगळेच तारे आकाशात अगदी सावकाश सरकत असतात. व्याध वर्षाला सुमारे 1.3 विकला सरकतो. अंशाचे साठ भाग म्हणजे कला आणि कलेचे साठ भाग म्हणजे विकला. पूर्ण चंद्राची रुंदी साधारण 1,800 विकला भरते, त्यावरून ही चाल किती बारीक आहे ते समजेल. एकटा तारा असता तर ही वाट सरळ रेघ असती. व्याधाची वाट मात्र नागमोडी होती. कधी रेघेच्या एका बाजूला, कधी दुसऱ्या बाजूला, जेमतेम दोन-अडीच विकलांचा झोल. बेसेलनं 1844 मध्ये सांगितलं की व्याधाला कोणीतरी न दिसणारं ओढतं आहे. 1851 मध्ये पीटर्स या खगोलशास्त्रज्ञानं त्याच झोलावरून फेरीचा काळही काढला: सुमारे पन्नास वर्षं. म्हणजे जोडीदार कोणाच्या नजरेलाही पडला नव्हता, तेव्हा त्याचं घड्याळ लावून झालं होतं.

मग 31 जानेवारी 1862 ची रात्र आली. अमेरिकेत दुर्बिणींची भिंगं घासणाऱ्या क्लार्क पितापुत्रांनी साडेअठरा इंची नवं भिंग तयार केलं होतं. मुलगा, अल्व्हन ग्रॅहॅम क्लार्क, ते तपासायला व्याधाकडे पाहत होता. व्याधाच्या झगमगाटाला खेटून त्याला एक मिणमिणता ठिपका दिसला. भिंगातला दोष असेल असं वाटावं इतका तो मंद होता. पण तो दोष नव्हता, बेसेलचा अदृश्य जोडीदारच होता. स्वतः बेसेल 1846 मध्येच वारला होता. हे त्याला पाहायला मिळालं नाही, याची मला नेहमी हळहळ वाटते.

मोठ्या ताऱ्याला आज व्याध-अ म्हणतात आणि त्या ठिपक्याला व्याध-ब. दोघांच्या तेजात जवळजवळ दहा हजार पटींचा फरक आहे.

## विकलांचं अंतर मैलांत कसं आणायचं?

1862 पासून जोडीदाराच्या जागेची नोंद ठेवली जात आहे. तेव्हापासून त्यानं तीन फेऱ्या पुऱ्या केल्या आणि चौथी चालू आहे. त्यामुळे काळाबद्दल शंका नाही: 50.1 वर्षं. दोघांमधलं सरासरी अंतर, म्हणजे लंबगोल कक्षेच्या लांब व्यासाचा अर्धा भाग, सुमारे 7.5 विकला भरतो.

पण विकला हा कोन आहे, अंतर नव्हे. जवळची सुई आणि लांबचा खांब डोळ्याशी सारखाच कोन करू शकतात. म्हणून व्याध किती लांब आहे ते कळायला हवं. इथे एक सुंदर सोय आहे, आणि ती समजली की अर्धं गणित आपोआप सुटतं.

पृथ्वी सहा महिन्यांत सूर्याच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाते. आपली जागा बदलते, म्हणून जवळचा तारा मागच्या दूरच्या ताऱ्यांपुढे किंचित सरकल्यासारखा दिसतो. या सरकण्याच्या निम्म्या कोनाला पराशय म्हणतात. व्याधाचा पराशय 0.379 विकला आहे. आता हेच उलट्या बाजूनं पाहा. व्याधावर बसून कोणी आपल्याकडे पाहिलं, तर त्याला पृथ्वी सूर्यापासून जास्तीत जास्त 0.379 विकला दूर दिसेल. म्हणजे तेवढ्या लांबीवर 0.379 विकला म्हणजेच "एक पृथ्वी-सूर्य अंतर". फूटपट्टी आपल्या हातात आली. 7.5 ला 0.379 नं भागायचं, बस्स. उत्तर 19.8. प्रकाशवर्षं आणि किलोमीटर मध्ये आणायची गरजच पडली नाही.

या 19.8 ची कल्पना यावी म्हणून युरेनस आठवा. तो सूर्यापासून 19.2 पट अंतरावर आहे. व्याधाचे दोन तारे एकमेकांपासून सरासरी तेवढेच दूर आहेत.

## आता तोलू

19.8 चा घन सुमारे 7,760. 50.1 चा वर्ग 2,510. भागाकार 3.09. दोन्ही तारे मिळून सूर्याच्या सुमारे तिप्पट.

घन-वर्ग नको असतील तर युरेनसचीच मदत घेऊ. सूर्यापासून 19.8 अंतरावर एखादा ग्रह असता, तर त्याला एका फेरीला 88 वर्षं लागली असती. खुद्द युरेनसला 84 लागतात. व्याधाची जोडी त्याच अंतरावर 50 वर्षांत फेरी संपवते, म्हणजे पावणेदोन पटींहून किंचित जास्त घाईनं. मघाशी पाहिलं की चौपट वस्तुमानाला दुप्पट घाई लागते. तसंच इथे: 1.76 पट घाई म्हणजे 1.76 गुणिले 1.76, म्हणजे तिपटीला थोडं वर. आकडा तोच आला.

आता बेरजेची वाटणी. पेन्सिलीच्या दोन टोकांना मातीचे दोन गोळे लावा, एक दुसऱ्याच्या दुप्पट. पेन्सिल बोटावर तोलून धरा. बोट मोठ्या गोळ्याकडे सरकवावं लागतं, आणि लहान गोळा बोटापासून दुप्पट लांब राहतो. तारेही अशाच एका बिंदूभोवती फिरतात. त्या बिंदूला गुरुत्वमध्य म्हणतात. तिथे काहीच नसतं, ती फक्त तोलाची जागा असते. भारी तारा लहान घेर घेतो आणि हलका तारा मोठा.

तो बिंदू दिसत नाही, पण सापडतो. दोन्ही ताऱ्यांच्या वाटा नागमोडी असतात, आणि जोडीचा गुरुत्वमध्य मात्र सरळ रेघेत चालतो. मागच्या स्थिर ताऱ्यांच्या तुलनेत दोघांच्या जागा वर्षानुवर्षं नोंदल्या की ती सरळ रेघ काढता येते. त्या रेघेपासून व्याध-अ चा झोल सुमारे 2.5 विकला आहे आणि व्याध-ब चा सुमारे 5. एकास दोन. मग 3.09 चे तीन वाटे करायचे: दोन मोठ्याला, एक धाकट्याला. बारकाईच्या मोजमापातून आज जे आकडे निघतात ते व्याध-अ साठी सूर्याच्या 2.06 पट आणि व्याध-ब साठी 1.02 पट आहेत. बेसेलला दिसलेला तो झोल म्हणजे तराजूचा काटाच होता.

## एका रात्री अंतर मोजून का भागत नाही?

ही शंका रास्त आहे, आणि चूकही नेमकी इथेच होते. व्याधाची कक्षा चांगलीच लांबोळी आहे. 1994 मध्ये दोघे सर्वांत जवळ आले तेव्हा अंतर सुमारे 8 होतं. 2019 च्या सुमारास सर्वांत लांब गेले तेव्हा 31 च्या वर. कोणी 1994 चं अंतर सूत्रात घातलं तर उत्तर येईल 0.2 सूर्य. 2019 चं घातलं तर 12 सूर्य. जोडी तीच, सूत्र तेच, आणि उत्तरात साठ पटींची तफावत. सूत्राला लागतं ते कक्षेचं सरासरी अंतर. त्यासाठी आख्खी कक्षा हवी, निदान तिचा इतका मोठा तुकडा हवा की वळण स्पष्ट व्हावं. अगदी लहान तुकडा असेल तर त्यातून अनेक वेगवेगळ्या कक्षा काढता येतात, आणि प्रत्येक कक्षा वेगळं वस्तुमान सांगते. शेकडो वर्षं फेरी घेणाऱ्या जोड्यांचे आकडे म्हणूनच बेतानं घ्यावे लागतात.

दुसरी अडचण कक्षेच्या तिरकेपणाची, म्हणजे तिच्या कलण्याची. कक्षा आपल्याकडे तोंड करून उभी असेलच असं नाही. वाटोळी कडी तिरकी धरली की चपटी दिसते, तशी कक्षाही दिसते. मग ती खरोखर लांबोळी आहे की नुसती तिरकी, हे कसं ओळखायचं?

लंबगोल काढायची जुनी रीत आठवा: दोन खिळे, एक सैल दोरा, आणि दोरा ताणून फिरवलेली पेन्सिल. या दोन खिळ्यांच्या जागा म्हणजे नाभी. जोडीदाराची खरी कक्षा काढली तर मुख्य तारा नेमका एका नाभीवर असायला हवा. तीच कक्षा तिरकी पाहिली तरी ती लंबगोलच दिसते, पण तारा आता त्या दिसणाऱ्या लंबगोलाच्या नाभीवर बसत नाही, बाजूला सरकतो. किती आणि कुठे सरकला यावरून कक्षा किती कलली आहे ते निघतं. तिरकेपणा आपली ओळख स्वतःच मागे ठेवून जातो. वर वापरलेले 7.5 विकला हे असा कल काढून टाकल्यानंतरचे आहेत.

दुर्बिणीतून दोन ठिपके वेगळे दिसतच नाहीत इतक्या जवळच्या जोड्याही असतात. तिथे प्रकाशाच्या वर्णपटावरून ताऱ्यांचा वेग मोजतात, पण कल कळत नाही आणि वस्तुमानाची फक्त खालची मर्यादा हाती येते. अशी जोडी एकमेकांना ग्रहण लावत असेल तर मात्र आपण तिच्याकडे जवळजवळ कडेनंच पाहतो आहोत हे पक्कं होतं आणि अडचण सुटते.

## चूक किती असू शकते?

अंतर सूत्रात तीनदा गुणलं जातं, म्हणून त्यातली चूकही साधारण तिप्पट होते. अंतरात एक टक्का चूक, तर वस्तुमानात तीन टक्के. काळातली चूक दुपटीनं येते. व्याध जवळ आहे, 8.6 प्रकाशवर्षांवर, त्यामुळे पराशय चांगला मोजला गेला आहे आणि वस्तुमानं साधारण एक टक्क्यापर्यंत पक्की आहेत. लांबच्या जोडीच्या पराशयातच दहा टक्के शंका असेल, तर वस्तुमानाचा आकडा तीसेक टक्के इकडेतिकडे होतो. बातमीत ताऱ्याचं वस्तुमान वाचलं की त्याच्या पराशयात किती शंका आहे हे मी आधी शोधतो.

तिसरा लपलेला तारा असेल तर? मग तोही ओढेल, आणि जोडी हिशेबानं सांगितलेल्या जागांवरून हळूहळू ढळू लागेल. हबल दुर्बिणीनं घेतलेली चित्रं आणि दीडशे वर्षांच्या जुन्या नोंदी एकत्र करून 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात असा ढळलेपणा शोधला गेला. तिसऱ्या ताऱ्याचा मागमूस लागला नाही.

## हा तराजू खरा कशावरून?

उजेडावरून अंदाज बांधला असता तर व्याध-ब अगदी क्षुल्लक तारा ठरला असता. इतका मंद, म्हणजे वस्तुमानही नगण्य. तराजू मात्र ठामपणे सांगत होता की तो सूर्याइतका भारी आहे. 1915 मध्ये वॉल्टर अ‍ॅडम्सनं त्याचा वर्णपट घेतला तेव्हा कोडं आणखी वाढलं. तारा थंड आणि लालसर नव्हता, तापून पांढरा झालेला होता. एवढा तापलेला पृष्ठभाग आणि तरी इतका कमी उजेड, याचा अर्थ एकच: पृष्ठभाग फार लहान. आजच्या मोजणीप्रमाणे व्याध-ब पृथ्वीहूनही किंचित लहान आहे. त्यात सूर्याचं वस्तुमान कोंबलेलं आहे. त्याच्या एका घन सेंटिमीटरमध्ये, म्हणजे बोटाच्या पेराहून लहान तुकड्यात, अडीच टनांहून अधिक द्रव्य बसतं.

तेव्हा अनेकांना हे अशक्य वाटलं, आणि कक्षेच्या हिशेबावरच संशय घेणं साहजिक होतं. पण त्या हिशेबाची फेरतपासणी वेगळ्याच वाटेनं करता येते. इतक्या लहान आणि भारी गोळ्यावरून निघणाऱ्या प्रकाशाला त्याच्या ओढीतून वर चढताना ऊर्जा खर्चावी लागते आणि तो किंचित तांबडा होतो. हबल दुर्बिणीनं हा तांबडेपणा मोजला. सेकंदाला सुमारे 80 किलोमीटर वेगानं दूर जाणाऱ्या ताऱ्याचा प्रकाश जितका तांबडा होतो, तितका तो भरतो. त्यावरून आणि ताऱ्याच्या आकारावरून काढलेलं वस्तुमान कक्षेनं दिलेल्या वस्तुमानाशी जुळतं. या मोजणीत फेरीचा काळ नाही आणि कक्षाही नाही.

अशा विझत चाललेल्या, घट्ट आवळलेल्या ताऱ्याला आज श्वेत बटू म्हणतात. तो आता काही जाळत नाही, साठलेली उष्णता फक्त बाहेर टाकत राहतो.

आणि त्याच दोन आकड्यांत आणखी एक गोष्ट दडली आहे. तारा जितका भारी, तितकं त्याचं इंधन लवकर संपतं. जोडीतले दोघे एकाच वेळी जन्मले, मग आधी संपायला हवा होता तो 2.06 वाला. पण तो अजून भर ज्वानीत आहे आणि 1.02 वाला विझला आहे. याचा मेळ एकाच रीतीनं लागतो: व्याध-ब जन्मताना दोघांत भारी होता, सूर्याच्या सुमारे पाचपट, आणि म्हातारपणी त्यानं आपलं बहुतेक द्रव्य अवकाशात उधळून टाकलं. आज पन्नास वर्षांच्या फेरीतून आपण तोलतो आहोत तो त्याचा उरलेला गाभा.